विसावी ऑर्डर १८० रुपयांची कशी होते? ‘टार्गेटच्या वर जास्त रेट’ या पद्धतीमागचं गणित

रात्रीचे साडेदहा वाजलेत. डिलिव्हरी करणाऱ्या एका मुलाच्या १९ ऑर्डर झाल्यात. विसावी मिळाली की दिवसाचा मोठा इन्सेन्टिव्ह हातात पडणार आहे. तो हॉटेलांच्या गर्दीत गाडी लावून थांबतो, मोबाईल बघत राहतो. ऑर्डर आली तर दिवस सोन्याचा, नाही आली तर एका ऑर्डरसाठी सगळं हुकलं.

हे चित्र आता कुठल्याही शहरात दिसतं. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस देशातल्या अनेक शहरांत डिलिव्हरी कामगारांनी संप पुकारला, तेव्हा दहा मिनिटांत डिलिव्हरीसोबतच ऑर्डरमागे मिळणाऱ्या पैशांचाही मुद्दा होता. त्याच सुमारास ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी कंपन्यांनी ऑर्डरमागे जादा पैसे जाहीर केले आणि सणासुदीला असं नेहमीच करतो, असं सांगितलं.

ठरलेल्या आकड्यापर्यंत एक रेट आणि त्यापुढे जास्त रेट. ही कल्पना ॲपवाल्यांनी शोधलेली नाही. ती जवळपास १४० वर्षं जुनी आहे आणि बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकलेल्या प्रत्येकाने ती परीक्षेत सोडवली आहे. पुस्तकात तिचं नाव ‘डिफरन्शियल पीस रेट’. मराठीत सांगायचं तर नगावर मजुरी, पण सगळ्या नगांना सारखा भाव नाही.

मग प्रश्न असा, की जास्त काम करणाऱ्याला नगामागे जास्त पैसे दिले तर मालकाचा खर्च वाढतो की कमी होतो? आणि एका नगाने टार्गेट हुकलं तर त्यात फायदा कोणाचा होतो?

गोष्ट सुरू होते फिलाडेल्फियाच्या एका पोलाद कारखान्यात

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मिडव्हेल स्टील नावाचा कारखाना होता. १८८० च्या दशकात तिथे फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर काम करत होता. पुढे ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’चा जनक म्हणून प्रसिद्ध झालेला तो हाच टेलर.

मिडव्हेलमध्ये लेथवर पोलादाचे ठोकलेले भाग कातून घ्यायचं काम चाले. एका नगाला ५० सेंट मिळायचे. कामगार दिवसाला चार ते पाच नग काढत. टेलरने घड्याळ लावून या कामाचा प्रत्येक टप्पा मोजला आणि निष्कर्ष काढला, की दिवसाला १० नग निघू शकतात.

मग कामगार पाचवरच का थांबत होते? टेलर स्वतः आधी कामगार होता, त्यामुळे त्याला कारण माहीत होतं. कोणी जास्त नग काढून जास्त कमावू लागला की मालक नगाचा भाव कमी करायचा. दुप्पट काम करूनही शेवटी पगार तेवढाच राहायचा. म्हणून कामगारांनी आपसात न बोलता एक हद्द ठरवली होती.

टेलरने दोन भाव ठरवले. दिवसाला १० नग पूर्ण केले आणि ते निर्दोष असले तर प्रत्येक नगाला ३५ सेंट. कमी निघाले तर प्रत्येक नगाला फक्त २५ सेंट. इथे नीट लक्ष द्या. ३५ चा भाव दहाव्या नगापुरता नव्हता. दहा पूर्ण झाले की पहिल्यापासून सगळ्या दहा नगांना ३५ मिळणार होते.

हे सगळं टेलरने १८९५ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एका निबंधात मांडलं आणि खर्चाचा हिशोबही दिला.

जुन्या पद्धतीत कामगार ५ नग काढून अडीच डॉलर घ्यायचा. त्याच्या मशीनचा दिवसाचा खर्च ३.३७ डॉलर होता. एकूण ५.८७ डॉलरमध्ये ५ नग, म्हणजे एक नग १.१७ डॉलरला पडायचा.

नव्या पद्धतीत तोच कामगार १० नग काढून साडेतीन डॉलर घेऊ लागला. मशीनचा खर्च तेवढाच, ३.३७. एकूण ६.८७ डॉलरमध्ये १० नग, म्हणजे एक नग ६९ सेंटला.

कामगाराची दिवसाची कमाई ४० टक्क्यांनी वाढली. नगाचा खर्च मात्र ४१ टक्क्यांनी खाली आला. हे कसं झालं? मशीन तर तेच होतं. पाच नग काढले तरी ३.३७ आणि दहा काढले तरी ३.३७. आधी तो खर्च पाच नगांवर पडायचा, आता दहांवर वाटला गेला. शिवाय ‘वाढीव’ म्हणवला जाणारा ३५ सेंटचा भाव जुन्या ५० पेक्षा कमीच होता. काम दुप्पट झालं, कमाई दुप्पट झाली नाही.

आता नऊ नगांचा हिशोब करून बघा

वरचे दोन आकडे खूप पुस्तकांत सापडतात. पण त्याच आकड्यांवरून आणखी एक हिशोब करता येतो आणि या पद्धतीतली खरी मेख तिथे आहे.

समजा, कामगाराचे १० ऐवजी ९ नग झाले. आता भाव २५ सेंट. नऊ नगांचे सव्वादोन डॉलर. म्हणजे फक्त एक नग कमी पडला आणि हातातले साडेतीन डॉलर सव्वादोनवर आले. शेवटच्या एका नगाची किंमत सव्वा डॉलर झाली. वाढीव भावानेही ती साडेतीन नगांपेक्षा जास्त होते.

मालकाच्या बाजूने बघा. मजुरी २.२५ आणि मशीन ३.३७, मिळून ५.६२ डॉलर. त्यात ९ नग. एका नगाचा खर्च साधारण ६२ सेंट.

दहा नग पूर्ण झाले तर खर्च ६९ सेंट होता. नऊवर अडकले तर ६२. म्हणजे नगाच्या खर्चाच्या दृष्टीने मालकाला टार्गेट जेमतेम गाठणाऱ्या कामगारापेक्षा एका नगाने हुकणारा स्वस्त पडतो. पुढे अकरा आणि बारा नग निघाले तरी खर्च अनुक्रमे ६६ आणि ६३ सेंटपर्यंतच येतो. बारा नगांपर्यंत तरी तो नऊच्या खाली जात नाही.

टेलरचा हेतू कामगाराला नऊवर अडकवण्याचा नव्हता. हद्दीपर्यंत न पोहोचणाऱ्याने ते काम सोडून द्यावं, त्याला परवडूच नये, म्हणून त्याने खालचा भाव इतका कमी ठेवला होता. पण हेतू काहीही असो, आकड्यांचा उतार तयार होतो. काम वाटून देणं, कच्चा माल वेळेवर पोहोचवणं, मशीन दुरुस्त करणं हे ज्याच्या हातात आहे, त्यालाच कामगार थोडक्यात हुकण्याचा फायदा होतो.

टेलरच्याच एका सहकाऱ्याने, मेरिकने, म्हणूनच हा कडा थोडा सौम्य केला. त्याच्या पद्धतीत दोनऐवजी तीन पायऱ्या आहेत. टार्गेटच्या ८३ टक्क्यांपर्यंत साधा भाव, ८३ ते १०० टक्क्यांपर्यंत १० टक्के जास्त आणि त्यापुढे २० टक्के जास्त. थोडक्यात हुकणाऱ्याला इथे शिक्षा नाही, फक्त बक्षीस थोडं कमी.

दुसरी पद्धत: जादा भाव फक्त जादा नगांना

आज बऱ्याच ठिकाणी टेलरसारखा कडा नसतो. पहिल्या ठरलेल्या नगांना साधा भाव आणि त्याच्या वरच्या नगांनाच वाढीव भाव मिळतो. याचा मजुरी खर्चावर काय परिणाम होतो, ते एका काल्पनिक शिलाई युनिटवरून बघू.

समजा, एका मशीनमागे जागेचं भाडं, मशीनचा हप्ता आणि सुपरवायझरचा पगार मिळून दिवसाला ६०० रुपये खर्च येतो. कामगाराने काही शिवलं किंवा नाही शिवलं तरी हे ६०० जातातच. टार्गेट ४० नगांचं. चाळीसपर्यंत नगाला १५ रुपये, त्यापुढच्या प्रत्येक नगाला १८ रुपये.

४० नगांवर मजुरी ६०० आणि स्थिर खर्च ६००. एक नग ३० रुपयांना पडला.

५० नगांवर मजुरी ७८० होते. एकूण १,३८०, म्हणजे नग २७ रुपये ६० पैशांना.

६० नगांवर मजुरी ९६०. एकूण १,५६०, म्हणजे नग २६ रुपयांना.

या तीन ओळींत एक विरोधाभास दिसतो. नगामागची मजुरी १५ वरून १६ रुपयांवर गेली, म्हणजे मजुरी महागली. तरी नगाचा एकूण खर्च ३० वरून २६ वर आला, कारण भाडं आणि हप्ता जास्त नगांवर वाटला गेला. ‘मजुरी वाढली म्हणजे खर्च वाढला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. नगामागची मजुरी आणि नगामागचा एकूण खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या उलट दिशेने जाऊ शकतात.

पण नेहमीच जातात का? नाही. आता त्याच हिशोबात एकच आकडा बदला. समजा, कामगार बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या विजेवर शिवते. मालकाला तिच्यामागे माल पोहोचवण्या-आणण्याचा दिवसाला फक्त ६० रुपये खर्च येतो.

४० नगांवर एकूण ६६०, म्हणजे नग साडेसोळा रुपयांना. ६० नगांवर एकूण १,०२०, म्हणजे नग १७ रुपयांना. इथे जादा भाव दिल्यावर खर्च वाढला. वाटून घ्यायला स्थिर खर्चच नाही, मग मालक जादा भाव कशाला देईल?

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे एकच ठरलेला भाव मिळतो, वरच्या शंभर विड्यांना वेगळा वाढीव भाव नसतो. त्याच्या कारणांपैकी एक इथे सापडतं. घर तिचं, जागा तिची, वेळ तिचा. जास्त विड्या लवकर झाल्याने मालकाचं कुठलंच मशीन मोकळं होत नाही. वाढीव भाव मेहनतीचं कौतुक म्हणून मिळत नाही. मालकाचं भांडवल अडकलेलं असेल, तर ते जोरात फिरवण्यासाठी तो मिळतो.

मग ॲपवाले टार्गेट का देतात? गाडी तर त्या मुलाचीच असते

प्रश्न रास्त आहे. डिलिव्हरीत गाडी, पेट्रोल आणि मोबाईल हे सगळं काम करणाऱ्याचंच. वरच्या नियमाप्रमाणे कंपनीने सरळ एकच रेट द्यायला हवा.

पण कंपनीचा अडकलेला खर्च वेगळा आहे. रात्री आठ ते अकरा या वेळेत रस्त्यावर पुरेशी माणसं नसली तर ऑर्डर रद्द होतात, ग्राहक दुसऱ्या ॲपवर जातो आणि जाहिरातीवर ओतलेला पैसा वाया जातो. म्हणजे तिला त्या मुलाचं मशीन नको, त्याची उपस्थिती हवी आहे. टार्गेट अशा ठिकाणी ठेवलं जातं, की ते गाठायला गर्दीची वेळ संपेपर्यंत थांबावंच लागेल.

एक काल्पनिक स्लॅब बघा. प्रत्येक ऑर्डरला ३० रुपये. १५ ऑर्डर झाल्या तर वर १५० रुपये आणि २० झाल्या तर १५० च्या ऐवजी ३०० रुपये.

१९ ऑर्डरवर कमाई ५७० अधिक १५०, म्हणजे ७२० रुपये. २० ऑर्डरवर ६०० अधिक ३००, म्हणजे ९०० रुपये. विसाव्या ऑर्डरचे १८० रुपये झाले. सुरुवातीचा तो मुलगा साडेदहाला घरी का जात नाही, हे आता समजलं असेल. घाईत सिग्नल का तोडला जातो, तेही यातच आहे.

कंपनीच्या बाजूने १९ वर एका ऑर्डरचा खर्च साधारण ३८ रुपये, २० वर ४५ रुपये. पुन्हा तोच मिडव्हेलचा उतार. थोडक्यात हुकणारा स्वस्त पडतो.

‘टार्गेट जवळ आलं की ऑर्डर यायच्या बंद होतात’ ही तक्रार डिलिव्हरी कामगार वारंवार करतात. वरच्या गणितातून ती तक्रार खरी ठरत नाही. रात्री उशिरा मुळातच ऑर्डर कमी होतात, हेही कारण असू शकतं. पण हुकण्यात कंपनीचा पैसा वाचतो, एवढं गणित नक्की सांगतं. आणि ऑर्डर वाटणारी यंत्रणा कशी चालते ते कामगाराला दिसत नसल्यामुळे त्याच्याकडे खातरजमा करायचा मार्ग नसतो. लेथवरच्या कामगाराला निदान आपल्यासमोर कच्चा माल किती पडलाय, ते दिसत होतं.

ही पद्धत बिघडते कुठे?

पहिली जागा म्हणजे टार्गेट ठरवणं. ते कोणत्या कामगारावरून ठरवलं? सगळ्यात वेगवान माणसावरून ठरवलं तर बाकीचे कायम खालच्या भावात राहतात. याची खूण सोपी आहे. महिनाभराची नोंद काढायची. बहुतेक लोकांचे आकडे टार्गेटच्या जरा खाली साचलेले असतील तर टार्गेट चुकलंय किंवा काम पुरवण्यात अडथळा आहे. ते टार्गेटच्या बरोब्बर वर साचून तिथेच थांबत असतील, तर भाव कापला जाईल अशी लोकांना भीती आहे.

दुसरी जागा भाव कापण्याची. लोक टार्गेट सहज गाठू लागले की चाळीसचं पंचेचाळीस केलं जातं. कागदावर रेट तोच राहतो, प्रत्यक्षात मजुरी कमी होते. हे केलं की पद्धत मोडते, असं टेलर स्वतः बजावत होता. एकदा अनुभव आला की कामगार पुन्हा पाच नगांवर थांबायला शिकतात.

तिसरी जागा दर्जाची. वेगात खराब झालेला नग परत उसवून शिवायला लागला, तर १८ रुपयांचा जादा नग २६ रुपयांच्या सरासरीपेक्षाही महाग पडू शकतो. मग खर्च कमी होण्याचं सगळं गणित उलटतं. टेलरने वरचा भाव निर्दोष नगांपुरताच ठेवला होता तो याचसाठी.

हा असंतोष फक्त कुजबुजीपुरता राहिला नाही. १९११ मध्ये अमेरिकन सरकारच्या वॉटरटाऊन शस्त्रनिर्मिती कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन मोजणी सुरू झाली, तेव्हा ओतकाम करणाऱ्यांनी संप केला. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. १९१५ मध्ये अशा सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचने मोजणी करायला आणि त्यावर आधारित बोनस द्यायला सरकारी पैसा वापरता येणार नाही, अशी अट संसदेने घातली.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत नगावर काम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचा आधार आहे. ज्या कामाला वेळेनुसार किमान वेतन ठरलेलं आहे आणि नगाचा किमान भाव ठरलेला नाही, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेनुसारच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही होतं.

याचा खर्चावर परिणाम काय? शिलाई युनिटचं उदाहरण पुन्हा घ्या. समजा, त्या कामाचं दिवसाचं किमान वेतन ५०० रुपये आहे. कामगाराने पूर्ण दिवस काम करून ३० नगच काढले, तर १५ च्या भावाने ४५० होतात, पण मालकाला ५०० द्यावे लागतील. म्हणजे नगामागची मजुरी १५ वरून १६ रुपये ६७ पैशांवर जाते. किमान वेतनाच्या खाली घसरण्याचा धोका कामगारावरून मालकावर येतो. आता कामगार मागे पडू नये, त्याला माल वेळेवर मिळावा, मशीन चालू राहावं, यात मालकाचाही स्वार्थ तयार होतो. टेलरचा कडा जिथे कामगाराला ढकलून देत होता, तिथे कायद्याने एक कठडा बांधला आहे.

पण डिलिव्हरी करणारी मुलं या कठड्याच्या आत नाहीत. कायद्यात त्यांची ओळख ‘गिग कामगार’ अशी आहे आणि त्यांचा उल्लेख वेतन संहितेत नाही, सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्यानुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून विमा आणि इतर योजना उभ्या राहू शकतात. दिवसाला किमान किती रुपये मिळालेच पाहिजेत, याची हमी मात्र त्यातून मिळत नाही. आणि १९ व्या ऑर्डरवर काय होतं, याबद्दल ही संहिता काहीच बोलत नाही.

म्हणूनच एखाद्या ठिकाणी ‘जास्त काम, जास्त रेट’ असा बोर्ड दिसला, तर रेट किती हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारलेल्या बऱ्या. जादा भाव सगळ्या नगांना आहे की फक्त वरच्या? एक नग कमी पडला तर किती रुपये जातात? आणि पुढचा नग मिळणार की नाही, हे कोण ठरवतं?

मिडव्हेलच्या कामगाराला तिन्ही उत्तरं माहीत होती. रात्री साडेदहाला हॉटेलबाहेर थांबलेल्या मुलाला पहिली दोन माहीत आहेत.